विषय: सातबाऱ्याचं इंग्रजी, सॉलिसिटरला शुक्रवारी द्यायचंय

सुनीता:
नमस्कार मंडळी, अण्णांच्या प्रोबेटसाठी गावच्या जमिनीचा सातबारा इंग्रजीत हवाय. चुलतभावाने हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तो इथल्या एका भाषांतरवाल्याला दिला, तर त्याने गट नंबरचं "ग्रुप नंबर" केलंय आणि क्षेत्र ०.८१ एकर लिहिलंय. आम्ही लहानपणापासून दोन एकर ऐकत आलोय! शिवाय आजोबांचं नाव मालकांमध्ये तसंच. कोणी बघेल का, प्लीज?

मिलिंद:
एकर नाही ते, हेक्टर आहे. ०.८१.०० म्हणजे शून्य हेक्टर ८१ आर. आर म्हणजे आपला गुंठाच, ८१ गुंठे लिहून टाक, काम झालं.

अविनाश काका:
मिलिंद, हेक्टरचं बरोबर, पण आर म्हणजे गुंठा नव्हे रे. आर १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. ८१ आरचे ८० गुंठे होतात, म्हणजे दोन एकर, सुनीताच्या घरचे बरोबरच सांगत होते. तू ८१ गुंठे लिहिलेस तर हजारेक स्क्वेअर फूट जमीन फुकटात वाढली. सुनीता, भाषांतरात आकडा आहे तसाच ठेव, दोन्ही टिंबांसकट, आणि चौरस मीटरचा आकडा, इथे ८,१००, खाली भाषांतरकाराच्या टीपेत दे. मूळ रकान्यात एकर घुसवायचे नाहीत. गट नंबर पण गट नंबरच राहू दे.

आजोबांच्या नावाला कंस आहे ना? नीट बघ. कंस म्हणजे ते नाव कमी झालं, आणि शेजारी गोलात जो आकडा असतो तो फेरफार नंबर. नाव गाळायचं नाही, कंसासकट लिहायचं आणि टीपेत सांगायचं की फेरफार अमुकने कमी. गाळलंस तर सॉलिसिटर विचारेल मधला माणूस कुठे गेला.

मीनल:
आमचा पुण्याचा फ्लॅट आहे, त्याचं प्रॉपर्टी कार्ड पण असंच इंग्रजीत करावं लागेल का? सासूबाईंच्या नावावर आहे आणि सोसायटीवाले काहीच सांगत नाहीत.

शैलेश (कार्यकारिणी):
मीनल, वेगळा मेल टाका प्लीज. आणि सगळ्यांना आठवण, अनुवादकांची यादी कार्यकारिणीकडे आहे, परस्पर कोणाला काम देण्याआधी आम्हाला विचारलं तर बरं. मागच्या वेळचा गोंधळ सगळ्यांना माहितीय.

सुनीता:
कंस आहे काका, आणि आकडा गोलात. पण भावंडांच्या क्षेत्रात गडबड वाटतेय. अण्णा ०.३९, मोठे काका ०.२०, आत्या ०.११, हे ७० आर होतात. बाकी कुठे गेले?

अविनाश काका:
वरती जिरायत किती लिहिलंय आणि पोटखराबा किती?

सुनीता:
जिरायत ०.७८, पोटखराबा ०.०३, एकूण ०.८१.

अविनाश काका:
मग आत्याचे ०.१९ असणार. ३९ अधिक २० अधिक १९, बरोबर ७८. तुमच्या कागदावर हिस्से जिरायतीतून लावलेले दिसतायत, पोटखराबा वेगळा. हाताने लिहिलेला १ आणि ९ फोटोत तिरपे आले की सारखेच दिसतात, म्हणून बेरीज केल्याशिवाय आकडा टाइप करायचा नाही. तरी माझ्या बेरजेवर भाषांतर करू नकोस, भावाला तेवढ्याच रकान्याचा जवळून, सरळ वरून फोटो काढायला सांग. आणि महाभूमीच्या साइटवरून डिजिटल सही असलेला आत्ताचा उताराही मागव, १५ रुपयांत मिळतो. पण त्यात फेरफार नवीन असले तर नावं वेगळी असतील, दोन्ही कागद एकमेकांत मिसळू नकोस.

मिलिंद:
नावाचं काय मग? अण्णांच्या पासपोर्टवर दत्तात्रयच्या शेवटी ए आहे, सुनीताच्या भाषांतरात नाही.

अविनाश काका:
मुख्य मजकुरात पासपोर्टचंच स्पेलिंग वापर, सगळ्या कागदांत एक राहील. विष्णु वडिलांचं नाव आहे, ते पण सगळीकडे एकसारखं.

शुभदा:
मला हे पटत नाही. भाषांतरकाराने कागदावर जे आहे तेच लिहावं, पासपोर्टची जुळवणी वेगळ्या प्रतिज्ञापत्रात. आमच्या वेळी सॉलिसिटरने नेमकं यावरूनच परत पाठवलं होतं. आणि गट ११२/२ब मधल्या ब चं काय, बी लिहायचं की बीए?

अविनाश काका:
बी. सगळे बीच लिहितात.

शुभदा:
सगळे लिहितात म्हणून काय झालं? मूळ अक्षर शेजारी देवनागरीत दिलंच पाहिजे, नाहीतर उद्या ११२/२अ वाला शेजारी भांडायला येईल तेव्हा काय दाखवणार?

मिलिंद:
शुभदाताई, अ वाला आणि ब वाला आधीच भांडत असतात गावाकडे, इंग्रजीची वाट बघत नाहीत. 😄

सुनीता:
भावाचा नवीन फोटो आला, ९ च आहे. ब चं दोन्ही लिहिते, शेजारी देवनागरी. नावाचं मात्र सॉलिसिटरलाच विचारते. भाषांतर बरोबर असल्याची सही कोण करेल, शैलेश, यादी पाठवणार का?

शैलेश (कार्यकारिणी):
यादी अपडेट करायची आहे, रविवारच्या मीटिंगनंतर पाठवतो.