नेट रडतंय, पत्रात लाइन तपासणी मागावी की बिलातली सूट?

सांगलीकर_मी: 100 एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे, महिना 600 अधिक जीएसटी, म्हणजे 708 रुपये. तीन आठवडे मोबाईलवर 20 च्या पुढे स्पीड जात नाही. 11 स्क्रीनशॉट जोडून कंपनीला पत्र लिहिलंय: लाइन तपासा आणि पूर्ण महिन्याचं बिल परत करा. पत्र असंच पाठवू का?

नीलिमा_दे: पाठवा बिनधास्त. आणि ट्रायलाही एक प्रत टाका, ते कंपनीला फटकारतील आणि पैसे देववतील. सौम्य भाषा वापरून कोणी ऐकत नाही.

जोडणीवाला: मी नऊ वर्षं फायबरची कामं केली आहेत. हे पत्र पाठवू नका. मोबाईलवरची टेस्ट आली की कंपनीचं एकच उत्तर असतं, "वायफायचा प्रश्न आहे, राउटरजवळ बसा", आणि तक्रार बंद होते. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, वायफाय बंद ठेवा, घरातले बाकीचे मोबाईल आणि टीव्ही काढा. सकाळी 7, दुपारी 3 आणि रात्री 9:30 अशा टेस्ट तीन दिवस घ्या, सर्व्हर दर वेळी तोच ठेवा. फक्त रात्रीच स्पीड पडत असेल तर गर्दी पुढे, कंपनीच्या जाळ्यात आहे. लाइनमन येऊन काही सापडणार नाही. दिवसभर पडत असेल तर लाइन संशयित. शिवाय राउटरच्या पानावर `Rx Power` हा आकडा बघा, तारेतून राउटरपर्यंत किती प्रकाश पोचतोय ते त्यात कळतं.

प्रदीप_म: माझं सिमचं नेटही संध्याकाळी अडकतं, टॉवर बदलून मिळतो का?

जोडणीवाला: प्रदीपराव, तो वेगळा विषय आहे, इथे तारेचं चाललंय.

नीलिमाताई, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्यायचा. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं, मुदत 30 दिवस.

सांगलीकर_मी: तीन दिवस टेस्ट घेतल्या. केबलने सकाळी 24 ते 31, दुपारी 22 ते 28, रात्री 19 ते 26. `Rx Power` -27.6 dBm दिसतंय. जोडणी दिली त्या दिवशी तंत्रज्ञाने कागदावर -20.1 लिहून दिलं होतं. शेजाऱ्यांचं त्याच डब्यातून -20.8 आहे.

जोडणीवाला: मग पक्कं झालं! साडेसात डेसिबलचा फरक, म्हणजे प्रकाश साडेपाच पट कमी पोचतोय. -27 च्या पुढे राउटर कसाबसा वाचतो, पाकिटं गळतात आणि स्पीड कोसळतो. शेजाऱ्यांचं नीट आहे, म्हणजे डब्यात एका तारेचा प्रकाश घराघरांत वाटणाऱ्या स्प्लिटरपर्यंत लाइन ठीक. दोष डब्यापासून तुमच्या भिंतीपर्यंतच. खिडकीपाशी वायर दुमडलीय का, हिरवा कनेक्टर ओढला गेलाय का बघा. पण कनेक्टर स्वतः काढू नका, धूळ बसली की अजून बिघडतं.

सांगलीकर_मी: महिन्यापूर्वी खिडकीची ग्रिल बदलली. वायर ग्रिलखाली चेपलीय.

गुरव_काका: मग सूट कसली मागता? वायर तुमच्या कामात चेपली. शिवाय प्लॅनमध्ये "100 पर्यंत" असं लिहिलेलं असतं. फक्त तपासणी मागा, नेट सुरू झालं की विषय संपला.

नीलिमा_दे: काका, 708 रुपये तर पूर्ण घेतले ना? आणि चेपली कोणामुळे हे लाइनमन सांगेल, आपण आधीच कबुली का द्यायची?

जोडणीवाला: कबुली नको, पण लपवूही नका, लाइनमनला वायर दिसणारच. ग्रिलचं कारण निघालं तर सूट मिळणं अवघड आहे, हे मात्र काकांचं खरं. पूर्ण महिना तर मागूच नका. सूट तक्रार नोंदवल्याच्या तारखेपासून मागा, आधीच्या दिवसांचा पुरावा कंपनीकडे नाही. समजा 18 दिवस लागले, तर रोजचे 20 प्रमाणे 360, जीएसटी धरून 424.80.

नीलिमा_दे: आणि 25 मिळत होतं तर 75 टक्केच सूट, असं म्हणाले तर?

जोडणीवाला: म्हणू शकतात, मग ती 318.60 होते. यावर माझं ठाम मत नाही.

गुरव_काका: मला अजूनही पटत नाही. भांडण 425 रुपयांचं, वेळ महिनाभराचा.

सांगलीकर_मी: काका, घरून काम करतो मी, मीटिंगमध्ये आवाज तुटतो, हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. आज तक्रार नोंदवली, डॉकेट नंबर मिळाला. पत्र असं केलंय:

"केबलने घेतलेल्या 9 टेस्ट, `Rx Power` -27.6 चा फोटो आणि जोडणीच्या दिवसाचा -20.1 चा कागद जोडला आहे. डब्यापासून घरापर्यंतच्या लाइनची तपासणी करावी, दुरुस्तीनंतरचा आकडा लेखी द्यावा. तक्रार नोंदवल्याच्या तारखेपासून दुरुस्तीपर्यंतची सूट पुढच्या बिलात दाखवावी. खिडकीजवळ वायर चेपलेली दिसते, ती आपल्या तंत्रज्ञाने पाहावी."

जोडणीवाला: चांगलं झालंय. लाइनमन पॉवर मीटर लावेल तेव्हा जवळ उभे राहा. -22 च्या आसपास आकडा दिसेपर्यंत सही करू नका.