मदत हवी आहे: रूममधल्या पाहुण्यांचा नियम कसा लिहायचा?

नेरुळला हॉस्टेलमध्ये आम्ही तिघी एका रूममध्ये राहतो, आणि सध्या तिघी मिळून एका कागदावर रूमचे नियम लिहितोय. झाडू आणि बाथरूमची पाळी आठवड्याने बदलायची, रात्री अकरानंतर फोन बाहेर पॅसेजमध्ये, एवढं पटकन ठरलं. गाडी अडलीये पाहुण्यांवर. एकीची मावसबहीण दर शनिवारी राहायला येते, वॉर्डनची परवानगी असते पण आम्हाला कळतं ती दारात आल्यावरच, आणि दुसरीची सोमवारी परीक्षा. मी लिहिलं, आदल्या दिवशी विचारायचं, महिन्यातून दोनच रात्री, परीक्षेच्या आठवड्यात कोणी नाही. आता जिची मावसबहीण येते ती म्हणते, एकीने नाही म्हटलं तर नाहीच का? कोणी असं लिहिलंय का, नकाराचं काय ठेवलंत?