सहा महिन्यांचा आपत्कालीन निधी: घरभाडं वाढलं की मुदत किती लांबते? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही धनकवडीत भाड्याने राहतो. महिन्याचा खर्च ४२,००० रुपये, त्यात घरभाडं १८,०००. म्हणजे सहा महिन्यांचे २,५२,००० जमवायचे. महिन्याला ९,००० बाजूला पडतात, म्हणून साधा भागाकार २८ महिने सांगतो. हेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या आरडीत टाकले तर साधारण २६ महिने. व्याजाने फार फरक पडत नाही, हे बघून नवल वाटलं.

खरी अडचण अकरा महिन्यांच्या कराराची आहे. नूतनीकरणाला दहा टक्के वाढ, म्हणजे १,८०० जास्त. पगार तेवढाच राहिला तर बचत ७,२०० वर येते आणि लक्ष्य २,६२,८०० वर जातं. तोवर जमलेले ९९,००० वजा केले तर उरलेल्या १,६३,८०० ला आणखी २३ महिने, एकूण ३४. तेही व्याज न धरता आणि भाडं एकदाच वाढेल असं समजून!

भाड्याने राहणाऱ्यांनी लक्ष्य कसं धरलंत? आजच्या खर्चावर, की दोन वर्षांनंतरच्या? आणि नोकरी गेली तर बंद करता येईल असा खर्च, उदाहरणार्थ एसआयपी, यातून वगळता का? आमचे ३,००० त्यातच आहेत. वगळले तर लक्ष्य थेट १८,००० ने उतरतं. कृपया तुमचा हिशोब आकड्यांसह सांगा.