प्रतिसाद: ⌊x⌋ > 3 आणि 3.7 ची अडचण

> "⌊x⌋ > 3 याचं उत्तर मी x > 3 लिहिलं, ते चूक दिलंय. का?"

3.7 घालून बघा. त्याचा फ्लोअर ⌊3.7⌋, म्हणजे 3.7 पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक, 3 येतो, आणि 3 काही 3 पेक्षा मोठा नाही. म्हणजे 3 आणि 4 च्या मधले सगळे x तुमच्या उत्तरात उगाच आत आलेत.

फ्लोअर नेहमी पूर्णांकच असतो. त्यामुळे तो 3 पेक्षा मोठा व्हायचा तर किमान 4 हवा. आणि n पूर्णांक असेल तर ⌊x⌋ ≥ n म्हणजेच x ≥ n. म्हणून उत्तर x ≥ 4, त्यात 4 सुद्धा धरायचा.

उजवीकडे अपूर्णांक असला तरी हीच रीत. ऋण संख्यांना मात्र जपा, तिथे हमखास घसरायला होतं. ⌊x⌋ > −2.5 मध्ये −2.5 च्या पुढचा पूर्णांक −2, म्हणून x ≥ −2. पडताळा घ्या: x = −2.2 चा फ्लोअर −3 आहे, −2 नव्हे, म्हणून तो बाहेर.

तुमचं x > 3 हे खरं तर ⌈x⌉ > 3 चं उत्तर आहे. ⌈x⌉ म्हणजे x चा सीलिंग, x पेक्षा लहान नसलेला सर्वांत लहान पूर्णांक. 3.01 चा सीलिंग लगेच 4 होतो, 3 चा मात्र 3 च राहतो.