पीओव्ही म्हणजे नेमका कोणाचा डोळा?

परळची पोर: रीलवर लिहिलेलं असतं, ‘POV: बोरिवलीला उतरायचंय आणि चढलास विरार फास्टमध्ये’. खाली मात्र एक मुलगा सेल्फी कॅमेऱ्यात स्वतःचंच रडकं तोंड दाखवतोय. भाऊ म्हणतो, पीओव्ही म्हणजे ‘असं होतं तेव्हा’. खरं का?

खिडकीची सीट: पॉइंट ऑफ व्ह्यू, म्हणजे दृष्टिकोन. रील ज्याचं, दृष्टिकोन त्याचा. मग तोंडही त्याचंच दिसणार ना!

जुना संकलक: पूर्ण रूप बरोबर, पण इथे दृष्टिकोन म्हणजे मत नव्हे. पटकथेत पीओव्ही शॉट लिहिला की कॅमेरा पात्राच्या डोळ्यांच्या जागी जातो. रीलमध्ये ते पात्र म्हणजे बघणारा. तू कोण, कुठे उभा, हे ओळ सांगते. तुला काय दिसतंय, हे चित्र.

चुकून चढलेला मीच असेन, तर मला माझं तोंड कसं दिसेल? दारातली मंडळी वळून माझ्याकडे बघताना दिसायला हवीत. त्यातले एक काका थेट लेन्समध्ये बघून म्हणणार, ‘बोरिवलीला उतरायचं तर विरार गाडीत कशाला चढला?’ लेन्स डोळ्यांच्या उंचीवर हवी. प्रश्नानंतर काकांनी दोन सेकंद गप्प राहायचं, कारण उत्तर बघणाऱ्याने मनात द्यायचं असतं. बरेच जण ती जागा कापून टाकतात आणि मग आपण नुसते भांडण बघत बसतो.

रडक्या मुलाचं रील टाकून द्यायला नको. फक्त ओळ बदला: ‘POV: तू विरारचा, आणि हा बोरिवलीला उतरणार म्हणतोय’. आता समोर त्याचंच तोंड हवं.

डबेवाली ताई: मी घरगुती डबे देते. भाच्याने ‘POV: तुम्ही आमचा डबा उघडताय’ लिहून वरून माझे हात घेतले. ऑर्डरी वाढतील का हो?

जुना संकलक: ताई, ऑर्डरींचं मला कळत नाही. पण फ्रेममध्ये खालून येणारे हात बघणारा आपलेच मानतो. हिरव्या बांगड्या दिसल्या की पुरुष गिऱ्हाईक तिथे जरा अडखळेल.

परळची पोर: मीही तशीच अडखळले! ‘चढलास’ वाचलं आणि डब्याबाहेर. ‘चढलीस’ लिहिलं तर भाऊ बाहेर. इंग्रजीत ही कटकटच नाही.

खिडकीची सीट: ‘तुम्ही चढलात’ लिहा, दोघांना चालतं.

परळची पोर: विरार फास्टमध्ये तुम्ही? कोण म्हणतं?

जुना संकलक: पहिला अर्धा भाग बघ. ‘बोरिवलीला उतरायचंय’ यात बाई की पुरुष, कळतच नाही. पुढे ‘आणि गाडी निघाली विरार फास्ट’ एवढंच जोड.

खिडकीची सीट: हे मान्य. पण निम्मे लोक ‘असं होतं तेव्हा’ याच अर्थाने लिहितात आणि वाचणाऱ्यांना ते कळतंही. मग चूक कशी म्हणायची?

जुना संकलक: कळतं, हे खरं. पण तेवढंच सांगायचं तर नुसतं ‘जेव्हा’ लिहा की. बघणाऱ्याला डब्यात चढवायचं नसेल तर पीओव्ही कशाला?

डबेवाली ताई: म्हणजे बांगड्या काढू की नको?