‘विश्व स्वधर्मसूर्यें पाहो’ : येथील ‘पाहो’चा अर्थ कोणता?

अबोली

पसायदानातील तिसऱ्या ओवीचा सरळ गद्यात अर्थ लिहिताना मी अडले आहे. ओवी सर्वांना पाठ असेलच, तरी समोर असावी म्हणून देते :

दुरितांचें तिमिर जावो । विश्व स्वधर्मसूर्यें पाहो ।
जो जें वांछील तो तें लाहो । प्राणिजात ॥

मुलीच्या वहीसाठी मी असे लिहिले : “पापांचा अंधार नाहीसा होवो, साऱ्या जगाला स्वधर्माचा सूर्य दिसो आणि प्राण्यांच्या प्रत्येक जातीला हवे ते मिळो.” मुलीने विचारले की सूर्यच पाहायचा असेल तर ‘सूर्य पाहो’ असे का नाही, ‘सूर्यें’ कशाला? मला उत्तर देता आले नाही. ‘प्राणिजात’ हा शब्द शेवटी एकटाच का लटकतो, तेही कळत नाही.

ओवीप्रेमी

ते छंदासाठी केलेले आहे. जुने कवी मात्रा भरून काढण्यासाठी असे एकार लावत, त्यात अर्थ शोधू नये. तुमचे गद्य बरोबर आहे.

सेवानिवृत्त मास्तर

एकाराची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते, हे खरे. पण येथे छंदाला त्याचा काहीच उपयोग नाही. ओवी अक्षरांनी मोजतात, आणि तीही सैल हाताने. ‘सूर्य’ म्हटले काय किंवा ‘सूर्यें’ म्हटले काय, अक्षरे दोनच राहतात. यमक ‘जावो, पाहो, लाहो’ या क्रियापदांनी साधले आहे, त्यामुळे चरणाच्या मधल्या शब्दावर त्याचाही दाब नाही.

‘सूर्यें’ ही तृतीया आहे. फार लांब जायला नको, पसायदानाची पहिलीच ओवी पाहा : “आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें”. येथे ‘देवें’ म्हणजे देवाने आणि ‘वाग्यज्ञें’ म्हणजे या वाणीच्या यज्ञाने. त्याच रीतीने ‘स्वधर्मसूर्यें’ म्हणजे स्वधर्मरूपी सूर्याने, सूर्याच्या योगाने. म्हणजे सूर्य हे पाहण्याचे कर्म नव्हे, साधन आहे. मुलीचा प्रश्न अगदी योग्य जागी लागला आहे.

मग ‘पाहो’चे काय करायचे? जुन्या मराठीत ‘पाहणे’ हे क्रियापद ‘उजाडणे’ या अर्थीही येते, आणि तेव्हा त्याला कर्म लागत नाही. तो अर्थ घेतला की दोन्ही चरण एकमेकांत बसतात : पापांची रात्र सरो आणि स्वधर्माच्या सूर्याने विश्व उजळून निघो. पहिल्या चरणात अंधार जातो, दुसऱ्यात उजाडते.

फांतोड

मी पेडण्याची. आमच्या कोंकणीत पहाटेला ‘फांतें’ म्हणतात आणि उद्याला ‘फाल्यां’. शाळेत पसायदान म्हणताना मला ‘पाहो’ ऐकून नेहमी फांतेंच आठवायचे, पण बाईंनी ‘बघो’ असा अर्थ सांगितला होता म्हणून मी गप्प बसले. हे शब्द एकाच घरातले असतील का?

सेवानिवृत्त मास्तर

‘प्रभात’ या शब्दाशी त्यांचे नाते लावता येते, आणि तुमच्या कानाने पकडलेले साम्य मला आवडले. तरी अर्थ ठरवताना मी त्यावर भार टाकणार नाही. ध्वनिसाम्य आधाराला चालते, निकालाला नव्हे.

हरिपाठी

आमच्या घरी वडील ही ओवी ‘जो जें वांछील तो तें लाभो’ अशी म्हणत आणि ‘लाहो’ म्हटले की रागावत. ते चुकत होते का? आणि एक शंका : ज्याला जे हवे ते मिळो, असे देवाकडे मागायचे, मग चोराला हवे असेल तेही मिळावे का?

सेवानिवृत्त मास्तर

वडिलांचा अर्थ बरोबर होता, शब्द मात्र बदलला होता. ‘लाहणे’ म्हणजे मिळवणे, प्राप्त होणे. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी सूर्याचे रूपक आहे, तेथे “लाहोनि आत्मज्ञानाचे डोळे” असा प्रयोग आहे. ‘जावो’ आणि ‘पाहो’ यांच्यापुढे ‘लाहो’च यमकाला बसतो, ‘लाभो’ कानाला अडखळतो.

चोराच्या शंकेचे उत्तर आधीच्या ओवीत आहे : “जे खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मीं रती वाढो”. खळ नष्ट होवोत, असे मागितलेले नाही. त्यांचा वाकडेपणा गळून पडो आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागो, असे मागितले आहे. हे घडल्यावर ‘ज्याला जे हवे ते’ म्हणायला हरकत उरत नाही. तिसरी ओवी एकटी सुटी काढून तिचा अर्थ लिहिला की ही अडचण हमखास उभी राहते.

‘प्राणिजात’मधील ‘जात’ म्हणजे पोटजात नव्हे, समूह. ‘वस्तुजात’ म्हणजे जशा सगळ्या वस्तू, तसे ‘प्राणिजात’ म्हणजे यच्चयावत प्राणी. ओवीचा चौथा चरण तोकडा आणि यमकाबाहेरचा असतो, म्हणून तो लटकल्यासारखा वाटतो. पण वाक्याचा कर्ता तेथेच आहे. गद्यात तो पुढे आणावा.

अबोली

‘जात’ या शब्दावर मी चांगलीच फसले होते. आता ‘स्वधर्म’ राहिला. मुलीने तो ‘आपापला धर्म’, म्हणजे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा अर्थाने घेतला. तसाच ठेवू का?

सेवानिवृत्त मास्तर

ठेवू नका. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे आणि तेथे स्वधर्म म्हणजे ज्याच्या वाट्याला आलेले विहित कर्म. तिसऱ्या अध्यायातील ओवी येथे थेट उपयोगी पडते : “स्वधर्मु जो बापा । तोचि नित्ययज्ञु जाण पां । म्हणौनि वर्ततां तेथ पापा । संचारु नाहीं”. स्वधर्माने वागतो तेथे पापाला शिरकाव नाही. आता दुरिताचे तिमिर घालवायला नेमका स्वधर्माचाच सूर्य का बोलावला, ते कळते. त्या काळी हे विहित कर्म वर्णाश्रमाच्या चौकटीतले होते, हेही मुलीला सांगावे. ‘कर्तव्य’ असा आजचा गुळगुळीत शब्द घातला की ती चौकट दिसेनाशी होते.

पोथीवाचक

मास्तर, बाकी सर्व मान्य, पण ‘उजळो’वर माझी सही नाही. तृतीया कायम ठेवूनही ‘पाहो’चा नेहमीचा अर्थ घेता येतो : स्वधर्मसूर्याच्या प्रकाशात विश्व पाहू लागो, म्हणजे विश्वाला दृष्टी येवो. तुम्हीच दिलेल्या सोळाव्या अध्यायातील रूपकात सूर्य उगवल्यावर जीवपक्ष्यांना डोळे लाभतात, केवळ उजेड पडत नाही. हा कवी उजेडाबरोबर दृष्टीही देतो.

सेवानिवृत्त मास्तर

उदाहरण माझेच आणि ते माझ्यावरच उलटले, हे कबूल. तरी तेथे ‘डोळे’ हा शब्द स्पष्ट घातलेला आहे, येथे तसा कोणताही शब्द नाही. शिवाय काय पाहायचे तेही सांगितलेले नाही. कर्म नसलेले ‘पाहो’ मला उजाडण्याकडेच ओढते. पण तुमचे वाचन व्याकरणात बसते, त्याला चूक म्हणता येणार नाही.

अबोली

मग वहीत असे लिहिते : “पापांचा अंधार जावो. आपापल्या विहित कर्माच्या सूर्याने सारे विश्व उजळो. सर्व प्राणिमात्रांपैकी ज्याला जे हवे असेल ते त्याला मिळो.” ‘उजळो’खाली पेन्सिलीने ‘किंवा : त्या प्रकाशात पाहू लागो’ असे लिहून ठेवते. परीक्षेत मात्र एकच अर्थ लिहायचा असतो आणि तिच्या मार्गदर्शकात ‘स्वधर्मरूपी सूर्य पाहो’ असेच छापले आहे, त्याचे काय करायचे?

पोथीवाचक

तिला ‘सूर्याने’ लिहू द्या आणि कंसात पहिल्या ओवीतील ‘वाग्यज्ञें’ दाखवू द्या. तपासणारे गुण कापतील की नाही, ते मी सांगू शकत नाही.