आंब्याच्या ग्राहक ग्रुपवर तक्रार उघड चालू द्यावी का?

देवगडचा बागायतदार:
बागेतून थेट हापूस घेणाऱ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, बहुतेक मुंबई-पुण्याचे. सीझनआधी नियम टाकतोय: १. सर्वांनी आदर राखावा. २. तक्रार ग्रुपवर नको, मला खाजगीत कळवा. ३. जाहिरातीला सक्त मनाई. पुरे का? दुसऱ्या नियमावरून घरातच वाद चाललाय.

वेंगुर्ल्याची, पेट्या भरणारी:
दुसरा काढा. साका बाहेरून ना तुम्हाला कळतो ना गिऱ्हाइकाला, त्यामुळे तक्रार येणारच. तुमच्याकडे तोंड बंद केलंत की तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर जाणार आणि तिथे उत्तर द्यायला तुम्ही नसणार.

त्यापेक्षा तक्रार कशी टाकायची ते लिहा. फळ उभं कापून, बाठ्याजवळचा भाग दिसेल असा फोटो, पेटी कधी मिळाली, कधी उघडली आणि किती फळं गेली. बाठ्याभोवती गर पांढरट, स्पंजासारखा असेल तर साका. देठाकडून काळं होत आत गेलं असेल तर देठकूज, तो वेगळा विषय. आणि फळ नुसतं आंबट-कडक असेल तर बऱ्याचदा कच्चंच फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं! तिन्हींना उत्तर एक नाही, म्हणून फोटो हवा.

समजा ५ डझनाच्या पेटीत ४ फळं साक्याची निघाली. त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहा, "फोटो पाहिला, साकाच आहे, पुढच्या पेटीत ४ फळं जास्त घालतो." पैशांचं बोलणं मग खाजगीत. पण पहिलं उत्तर सगळ्यांसमोरच द्या.

रत्नागिरीकर:
ताई, तुमचं गिऱ्हाईक शहाणं दिसतंय. माझ्याकडे एकाने फोटो टाकला की पाठोपाठ "माझ्याही पेटीत असंच" म्हणणारे डझनभर, त्यातल्या निम्म्यांची पेटी अजून आढीत. मी सेटिंगच "फक्त अॅडमिन" करून टाकलं. भांडण नाही, जाहिरात नाही.

वेंगुर्ल्याची:
भांडण थांबलं हे खरं. पण "गवतात किती दिवस ठेवू", "वास आला, आता काढू का" हे प्रश्नही गेले ना? एकाला दिलेलं उत्तर बाकीचे वाचतात, तेवढीच फळं वाचतात. आणि जाहिरात थांबली कशी म्हणता? ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतात. दुसरा विक्रेता आत शिरून एकेकाला खाजगीत मेसेज करतो, ते तुमच्या सेटिंगने अडत नाही. कम्युनिटीच्या सूचना-ग्रुपात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, पण मग तिथे नवा मेसेज टाकणारे तुम्ही एकटेच. दोन्ही हवं असेल तर नियमातच लिहा, "सभासदांना खाजगीत विक्रीचा मेसेज केल्यास काढलं जाईल. असा मेसेज आल्यास मला स्क्रीनशॉट पाठवा."

पुण्याहून:
माझी पेटी परवा निघाली म्हणाले, अजून आलेली नाही. इथे कोणाला विचारायचं?

वेंगुर्ल्याची:
इथे नव्हे हो, ज्यांच्याकडून घेतलीत त्यांनाच विचारा. पण बघा, हाही एक नियमच. "पेटी कुठे आहे" हा प्रश्न खाजगीत, कारण उत्तर एकाच्याच कामाचं.

मालवणातला आगळवालो:
गाववाल्यांनू, नियम कसले घालतास! माका एका ग्रुपातून काढलो. कोणीतरी विचारल्यान, कोकमचो आगळ खय मिळतलो, म्हणून मी नंबर दिलो. ही काय जाहिरात?

रत्नागिरीकर:
हीच ती. आज आगळ, उद्या फणसपोळी, परवा होमस्टे.

वेंगुर्ल्याची:
मला तसं वाटत नाही. कोणी विचारलं तर एकदा सांगायला काय हरकत? भाव आणि फोटो मात्र ग्रुपवर नको. आणि हे फक्त आंबा सोडून बाकी मालाला.

आणि "आदर राखावा" ही ओळ कोणी वाचतही नाही. खरं भांडण एकाच गोष्टीवरून होतं, "देवगडच्या नावाने कर्नाटकचा भरता". हा आरोप म्हणजे आमच्या पोटावर पाय, पण खरोखर तसं करणारेही आहेत, मग विचारायला बंदी कशी घालणार? "शंका असेल तर पेटीचा आणि फळाचा फोटो टाकून विचारा. माणसावर शेरा नको, दुसऱ्या बागायतदाराचं नाव नको," असं लिहा.

देवगडचा बागायतदार:
बदलून टाकतो: १. फळाबद्दल काहीही विचारा, माणसावर शेरा नको. २. तक्रार इथेच, कापलेल्या फळाचा फोटो आणि तारखांसह. त्याच संध्याकाळी उत्तर देईन. पेटीचा ठावठिकाणा आणि पैसे खाजगीत. ३. कोणी विचारल्यास बिगर-आंबा मालाचा नंबर एकदा चालेल. खाजगीत विक्रीचा मेसेज केल्यास लगेच बाहेर.

तिसऱ्याला वडील अजून तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, वाडीतल्याच माणसाने आंबा विकायला मेसेज केला तर त्याला कोणत्या तोंडाने काढू?

रत्नागिरीकर:
वडिलांनाच अॅडमिन करा. आणि एप्रिल-मेमध्ये रोज संध्याकाळी उत्तर देणार म्हणताय, पेट्या भरणार कोण?